पेशव्याच्या मनात काय होतं? स्वगत, जनांतिक आणि पुरावा

मागच्या भागात आपण खर्ड्याच्या लढाईबद्दल बोललो. त्याखाली बेळगावच्या एका प्रेक्षकाने विचारलं होतं, "साहेब, खर्ड्यानंतर सात महिन्यांत सवाई माधवरावांनी जीव दिला तो नाना फडणविसांच्या जाचामुळेच ना? नाटकात तर अगदी स्पष्ट आहे." प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यावर मी पंधरा दिवस घालवले. "नाटकात स्पष्ट आहे" या तीन शब्दांत पुष्कळ काही दडलंय. नाटकात ते स्पष्ट कसं झालं? कोणी कोणाला सांगितलं? आणि ते सांगणं इतिहासाला किती चालतं? आजचा भाग त्यावर.

आधी कागदावर जे आहे ते बघू. सवाई माधवराव १७७४च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर जन्मले. वडिलांचा, नारायणरावांचा, खून त्याआधीच झाला होता. अवघ्या चाळीस दिवसांचं मूल पेशवाईच्या गादीवर बसलं आणि कारभार अखेरपर्यंत नानांच्या हातात राहिला. मार्च १७९५मध्ये खर्ड्याला निजामावर विजय मिळाला. २५ ऑक्टोबर १७९५ला पेशवा शनिवारवाड्यात वरून खाली पडला आणि २७ तारखेला वारला. वय एकवीस.

पडला, की उडी टाकली? सगळा वाद या एका क्रियापदाचा आहे.

उडीची हकीकत इंग्रजी वाचणाऱ्या जगात पोहोचवली ती मुख्यतः जेम्स ग्रँट डफने. हा माणूस मूळचा मुंबई ग्रेनेडिअर्सचा अधिकारी. पुढे साताऱ्याला छत्रपतींच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून आला. आमच्या जबलपुरात ग्रेनेडिअर्सचं केंद्र आहे, त्यामुळे इथल्या फौजी माणसाला हा इतिहासकार आपल्याच मेसमधला जुना साहेब वाटतो. तो लिहितो चांगलं. साधनं मिळवण्यासाठी त्याने कष्टही पुष्कळ घेतले. म्हणूनच त्याचं लिहिणं जरा थांबून वाचलं पाहिजे.

त्याची हकीकत अशी. पेशव्याचा जुन्नरकडे कैदेत असलेल्या बाजीरावाशी, म्हणजे रघुनाथरावाच्या मुलाशी, चोरून पत्रव्यवहार चालला होता. बळवंतराव नागनाथ नावाचा माणूस मध्ये होता. नानांना कळलं. त्यांनी बळवंतरावाला कैद केलं आणि पेशव्याला बोल लावले. पेशवा खिन्न झाला, खोलीबाहेर येईना. दसऱ्याला मात्र तो रीतीप्रमाणे फौजेत आला, संध्याकाळी सरदारांना आणि वकिलांना भेटला. २५ तारखेला सकाळी त्याने गच्चीवरून स्वतःला खाली टाकलं. हातपाय मोडले, खालच्या कारंज्याची नळी लागून मोठी जखम झाली. दोन दिवस जगला, बाजीरावाला गादीवर बसवा असं आवर्जून सांगितलं आणि बाबाराव फडक्यांच्या हातांत प्राण सोडला.

आता ही हकीकत चौकशी अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी परत वाचा. खोलीबाहेर आला नाही, हे बघणारे लोक होते. दसऱ्याला आला, हे हजारोंनी पाहिलं. पडला, नळी लागली, मेला, यालाही साक्षीदार असणार. पण याच वाक्यांच्या ओळीत मधेच दोन गोष्टी येऊन बसतात. एक, त्याचं मन घायाळ होऊन निराशेच्या टोकाला गेलं होतं. दुसरी, त्याने हे जाणूनबुजून केलं. या दोन गोष्टी कोणी पाहिल्या? त्या पाहता येतच नाहीत. ग्रँट डफने त्या इतक्या सहज लिहिल्या आहेत, की पहिल्या वाचनात आपल्या लक्षातही येत नाही, आपण वाड्याच्या गच्चीवरून एकदम पेशव्याच्या डोक्यात शिरलो. गच्चीचा दरवाजा होता. डोक्याचा कुठून सापडला?

रंगभूमीवर असा दरवाजा असतो. त्याचं नाव स्वगत.

आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने या बाबतीत फार नेमकी विभागणी केली आहे. धनंजयाचा 'दशरूपक' हा दहाव्या शतकातला ग्रंथ, माळव्यात मुंज राजाच्या पदरी लिहिलेला. त्यात रंगमंचावरच्या बोलण्याचे प्रकार 'कोण ऐकतो' यावरून पाडले आहेत. सगळ्यांनी ऐकायचं ते सर्वश्राव्य, म्हणजे प्रकाश. ठरावीक पात्रांनीच ऐकायचं ते नियतश्राव्य. त्यात जनांतिक आणि अपवारित येतात. जनांतिकात नट हाताची त्रिपताक मुद्रा आडवी धरतो आणि बाकीच्यांना वगळून एकाशी बोलतो, अपवारितात तोंड फिरवून गुपित सांगतो. आणि रंगमंचावरच्या कोणीच ऐकायचं नाही ते अश्राव्य, म्हणजे स्वगत.

गंमत बघा. ज्याचं नावच अश्राव्य, ते शेवटच्या रांगेतल्या तिकिटवाल्यालाही ऐकू येतं. नाटकाच्या जगात ते बोलणं कुठेच पोहोचत नाही, आणि आपल्यापर्यंत मात्र पूर्ण पोहोचतं. म्हणजे प्रेक्षकाला मिळतो तो पुरावा त्या जगातल्या कुठल्याही न्यायाधीशाला कधीच मिळणार नसतो. फौजेत आम्ही विचारायचो, ही माहिती कोणाला होती आणि कधी होती? स्वगताचं उत्तर ठरलेलं. बोलणाऱ्याला होती आणि पाचशे परक्यांना होती. ज्यांना निर्णय घ्यायचा होता, त्यांना नव्हती.

शोकांतिकेचं सगळं यंत्र या फटीवर चालतं. यासाठी हॅम्लेटमधला एकच प्रवेश सावकाश बघू. मराठीत हे नाटक गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून १८८३मध्ये आणलं, आणि पुढे गणपतराव जोशांनी त्यातला चंद्रसेन गाजवला. आगरकरांचं या नाटकाचं काम डोंगरीच्या तुरुंगाशी जोडलं जातं. १८८२मध्ये ते आणि टिळक तिथे १०१ दिवस होते. कशासाठी? कोल्हापूरच्या दिवाणांच्या नावाची पत्रं खरी मानून त्यांच्यावर लिहिलं, आणि ती पत्रं बनावट निघाली. कोल्हापूरच्या छत्रपतींना खरंच वेड लागलं आहे की त्यांना वेडं ठरवलं जातंय, या प्रश्नाभोवतीचं ते प्रकरण. दुसऱ्याच्या मनाची अवस्था कागदांवरून सिद्ध करायला गेलं की काय होतं, याचा इतका जवळचा अनुभव घेतलेला हॅम्लेटचा दुसरा अनुवादक मला तरी माहीत नाही.

तर तो प्रवेश. राजपुत्राला संशय आहे की काकाने बापाचा खून केला. पुरावा काय, तर एका भुताचं बोलणं. ते भूत सैतानही असू शकतं, हे त्याला स्वतःला कळतं. म्हणून तो काकापुढे खुनाचं नाटक करवतो आणि त्याचा चेहरा न्याहाळतो. काका मध्येच उठतो. राजपुत्राला खात्री पटते. पण नीट बघा, दिसलं ते इतकंच की राजा उठला. त्या नाटकात राजाला मारणारा राजाचा पुतण्या दाखवलाय. कुठलाही राजा आपल्या पुतण्याने असं नाटक करवलं तर उठेल.

प्रेक्षकाला मात्र हा संशय उरत नाही. नाटकाआधीच राजाने एका जनांतिकात, म्हणजे बाजूला तोंड करून, मनावरच्या ओझ्याचा उच्चार केलेला आहे. नंतर तो एकटा गुडघे टेकतो आणि स्वच्छ कबुली देतो. खून केला, आणि ज्यासाठी केला ते राज्य आणि राणी सोडवत नाही, मग क्षमा कशी मागू? त्या नाटकातला हा सगळ्यात भक्कम पुरावा. आणि नेमका त्याच वेळी राजपुत्र मागून येतो, तलवार काढतो. चार पावलांवर उभा आहे. नजर स्वच्छ, हेतू प्रामाणिक, साक्षीदार म्हणून काही कमी नाही. पण त्याला दिसते ती आकृती. कबुली ऐकू येत नाही. तो अनुमान करतो की हा प्रार्थनेत बुडालाय, आता मारला तर स्वर्गात जाईल, आणि तलवार म्यान करतो. तो गेल्यावर राजा उठतो आणि आपल्याला सांगतो की प्रार्थना साधलीच नाही.

म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं. त्यावरून काढलेलं मन खोटं होतं. त्या एका चुकीच्या अनुमानापायी पुढे किती प्रेतं पडतात ते मोजा.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, बाहेरचा साक्षीदार चुकतो, पण स्वगत तर खरं असतं ना? पात्र एकटं असताना खोटं कशाला बोलेल? हा संकेत जुना आहे आणि बहुतेक वेळा चालतोही. पण त्याची हद्द बघायची असेल तर इयागोकडे जावं लागतं. ऑथेल्लोवरून देवलांनी 'झुंझारराव' केलं ते १८९०मध्ये, त्यामुळे हा खलपुरुषही मराठीला अनोळखी नाही.

इयागो एकटा असताना आपल्याशी बोलतो, आणि कारणं सांगतो. आधी दुसऱ्याजवळ त्याची तक्रार असते की बढती आपल्याला डावलून कॅशिओला दिली. एकटा झाल्यावर म्हणतो, सेनापतीने माझ्या बायकोशी संबंध ठेवले अशी अफवा आहे. खरी की खोटी ठाऊक नाही, पण मी ती खरी धरून चालणार. पुढच्या स्वगतात तो म्हणतो की सेनापतीच्या बायकोवर माझंही मन आहे. आणि लगेच, कॅशिओचाही मला माझ्या बायकोच्या बाबतीत संशय आहे. एकाच गुन्ह्याला इतके हेतू! कोलरिजने दोनशे वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. त्याच्या मते हा माणूस द्वेष आधी घेऊन आलाय आणि कारणं मागाहून शोधतोय. सगळ्यांना हे पटत नाही. फौजेत ज्याने बढतीची यादी लागल्यानंतरचे चेहरे पाहिलेत, तो पहिलं कारण इतक्या सहज सोडणार नाही. पण एक गोष्ट पक्की. इयागो आपल्याशी खोटं बोलत नसेलही, तरी त्याला स्वतःचं मन ठाऊक आहे याची हमी स्वगत देत नाही. प्रामाणिक असणं आणि बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चौकशीत बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं.

आणि त्या नाटकाचा शेवट! व्हेनिसचे अधिकारी येतात, खोलीत मृतदेह आहेत, आणि इयागोला विचारलं जातं, का केलंस? तो म्हणतो, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. ज्याने आपल्याला तासभर विश्वासात घेतलं, तो खऱ्या चौकशीपुढे तोंड मिटतो. मग त्याला पकडतात कशावर? मेलेल्या रॉडरिगोच्या खिशात सापडलेल्या पत्रांवर आणि त्याच्या स्वतःच्या बायकोच्या साक्षीवर. स्वगतांचा त्या चौकशीत काडीचा उपयोग नाही. शेक्सपिअरने हे मुद्दाम केलं की आपसूक झालं, मला सांगता येणार नाही, पण पुराव्याचा इतका चांगला धडा कायद्याच्या वर्गातही मिळत नाही.

आणखी एक हद्द आहे, ती जरा अवघड. एकटं बोलणारा खरंच एकटा आहे का? हॅम्लेटचं सगळ्यात प्रसिद्ध भाषण, जगावं की मरावं हे, ज्या प्रवेशात येतं तिथे राजा आणि पोलोनिअस पडद्याआड लपलेले आहेत, आणि राजपुत्राला तिथे बोलावून घेतलेलं आहे. जेम्स हर्श या अभ्यासकाने २००३ साली आपल्या पुस्तकात असं मांडलं की त्या काळच्या रंगभूमीवर स्वगत म्हणजे मनातला मूक विचार नव्हेच. ते मोठ्याने स्वतःशी केलेलं बोलणं, आणि ते चोरून ऐकताही येतं. ज्युलिएट सज्ज्यात एकटीच बोलते आणि खाली रोमिओ ऐकतो, तसं. मग हॅम्लेटचं ते भाषण लपलेल्यांना ऐकवायला केलेलं सोंग कशावरून नसेल? त्यात बापाचं नाव नाही, काकाचं नाही, सूडाचं नाही. मेलेला परत येत नाही असा त्याचा सूर आहे, आणि हा तर बापाच्या भुताशी बोलून आलेला. मला स्वतःला हा पक्ष पूर्ण पटत नाही. नटाने ते भाषण सोंग म्हणून केलं तर प्रेक्षकाला कळणार कसं? पण प्रश्न बिनतोड आहे, आणि तो आमच्या गावाशी जुळतो.

आमच्या गावाशी म्हणजे जबलपूरशी. कॅप्टन स्लीमन इथे बसून ठगांच्या जबान्या घेत होता. त्याचा संग्रह १८३६मध्ये छापला गेला. त्यात माफीचे साक्षीदार झालेले ठग आपले खून, आपली भक्ती, आपलं मन उलगडून सांगतात. वाचताना वाटतं, हेच ते स्वगत, माणसाचं अंतरंग. पण समोर स्लीमन बसलाय. जीव वाचायचाय. जितकं सांगाल तितके उपयोगी ठराल. हे बोलणं नियतश्राव्य आहे, आणि ऐकणारा कोण आहे यावर त्याचं वजन ठरतं. जबान्या खोट्या, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या खुणांवरून प्रेतं उकरून काढली गेली, तेव्हा जागा आणि माणसं यांचा पडताळा मिळाला. पडताळा मिळू शकत नाही तो 'आम्ही देवीसाठी मारत होतो' या मनातल्या कारणाचा. पुढे मेडोज टेलरने १८३९मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, आणि विलायतेत लोकांनी ठगाचं मन त्या कादंबरीवरून ओळखलं. जबानीतून गोष्ट झाली, आणि गोष्टीतून पुन्हा पुरावा.

पुण्याच्या पेशव्याचं नेमकं हेच झालं.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, जन्म १८७२चा. विशी ओलांडता ओलांडता, १८९०च्या दशकात, त्यांनी 'सवाई माधवराव यांचा मृत्यु' हे नाटक लिहिलं. कीचकवधाच्या कितीतरी आधीचं. शेवटी काय होणार ते शीर्षकच सांगून टाकतं. मग प्रेक्षकाने थांबायचं कशासाठी? तर मृत्यू का झाला हे बघण्यासाठी. म्हणजे इतिहासाच्या कागदात जी जागा रिकामी होती, नाटक उभं राहिलं ते बरोबर त्या जागेवर. आणि ती जागा भरायला खाडिलकरांनी हॅम्लेट आणि ऑथेल्लो दोन्ही नाटकांची सामग्री घेतली. पेशव्याकडे हॅम्लेटची खिन्नता आली, त्याच्या कानात संशय ओतायला इयागोच्या वळणाचा केशवशास्त्री आला. हा केशवशास्त्री नाटककाराने घडवलेला आहे. तो इतका जिवंत उतरला की पाहणाऱ्याला वाटावं, शनिवारवाड्यात असा कोणीतरी असलाच पाहिजे.

का असलाच पाहिजे? कारण ग्रँट डफच्या हकीकतीत कारण आणि परिणाम यांच्यात मोठी दरी आहे. कारभाऱ्याने बोल लावले म्हणून एकवीस वर्षांच्या पेशव्याने दसऱ्याचा समारंभ पार पाडून मग उडी टाकली, हे पचत नाही. नाटकात ही दरी चालत नाही. तिथे प्रत्येक पाऊल प्रेक्षकाला पटावं लागतं. म्हणून खलपुरुष, म्हणून संशय, म्हणून मनातले विचार मोठ्याने. नाटककाराने काही फसवलं नाही, त्याचं कामच ते होतं. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण नाटकगृहातून बाहेर पडताना ते मन बरोबर घेऊन येतो आणि १७९५च्या पेशव्याच्या अंगात घालतो. आपल्याकडे ही सवय बखरींपासूनची. भाऊसाहेबांच्या बखरीत पानिपतावरच्या लोकांचे संवाद असे येतात, जणू लिहिणारा तंबूत बसून होता. राजवाड्यांनी १८९८मध्ये पानिपताची मूळ पत्रं छापली तेव्हा बखरींवर इतके तुटून पडले, ते उगाच नाही.

मग उडी की अपघात? दुसरा पक्ष असा, की पेशव्याला ताप होता, वाताचा झटका होता, त्या भ्रमात तो सज्ज्यातून खाली गेला. मराठी इतिहासकारांत हा पक्ष जोरकस आहे. आता दोन्ही पक्षांना तोच प्रश्न विचारा, या सांगण्याचा फायदा कोणाला?

ताप आणि भ्रम खरा मानला तर नाना सुटतात. उडी खरी मानली तर नानांवर ठपका येतो. उडीबरोबर बाजीरावाला गादी द्या ही शेवटची इच्छा खरी मानली, तर बाजीरावाचा हक्क बळकट होतो. बाजीराव डिसेंबर १७९६मध्ये पेशवा झाला, तेही चिमाजीअप्पाला यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन गादीवर बसवण्याचा खेळ होऊन गेल्यावर, आणि १८१८पर्यंत राहिला. ग्रँट डफ आपली साधनं गोळा करत होता ते त्यानंतर. बावीसेक वर्षं ज्या राजवटीला ही गोष्ट सोयीची होती, त्या राजवटीतून ती गाळून त्याच्यापर्यंत आली. एवढ्याने ती खोटी ठरत नाही. तापाची गोष्टही नाना कारभारात असताना सोयीचीच होती. दोन्ही तराजूंत अंगठा आहे.

पण माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी. पेशवा पडल्यावर दोन दिवस जगला. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे बोललासुद्धा. आपल्या साक्षीच्या कायद्यात, १८७२च्या जुन्याही आणि आताच्या नव्याही, मरणाऱ्याच्या शब्दांना खास जागा आहे. एरवी ऐकीव म्हणून टाकून दिलं असतं ते चालतं. पण कशापुरतं? मरणाचं कारण आणि ज्या घटनेतून मरण आलं तिची परिस्थिती, यांच्यापुरतं. आता बघा. दोन दिवस पेशवा अंथरुणावर, भोवती माणसं, आणि त्याच्या तोंडचं म्हणून जे ठळकपणे नोंदलं गेलं ते गादीबद्दल. मी का पडलो, उडी टाकली की तोल गेला, याबद्दल त्या हकीकतीत त्याच्या तोंडचं काही नाही. ज्याचं एक वाक्य सगळा वाद मिटवू शकलं असतं, ते वाक्य कोणी विचारलं नाही, किंवा विचारलं आणि सोयीचं नव्हतं, किंवा तो तेवढ्या शुद्धीत नव्हता. आणि शुद्धीत नसेल तर गादीबद्दलच्या इच्छेचं काय? उडीची हकीकत सांगणारा ही दोन्ही टोकं एकत्र कशी बांधणार, ते मला दिसत नाही.

नोकरीत असताना एका चौकशी मंडळावर मी सदस्य होतो. युनिटचं नाव सांगत नाही. एक तरुण जवान रात्री पाण्याच्या टाकीवरून पडून गेला. चार साक्षीदारांपैकी तिघांनी सांगितलं की तो काही दिवस गप्प होता, जेवत नव्हता. चौथा म्हणाला, "साहेब, तो घरच्या टेन्शनमध्ये होता, त्याने ठरवूनच केलं." आमच्या अध्यक्षांनी त्याला शांतपणे विचारलं, "ठरवलं असं तो तुला म्हणाला?" नाही. "कोणाला म्हणाला?" माहीत नाही. "मग तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "दुसरं काय असणार, साहेब?" अध्यक्षांनी ते वाक्य साक्षीदाराचं मत म्हणून वेगळं लिहून घेतलं आणि निष्कर्षात वापरलं नाही. टाकीच्या शिडीचा वरचा कठडा सैल होता, तेही लिहिलं. पडण्याचं कारण निश्चित सांगता येत नाही, असा निष्कर्ष गेला. काही जणांना ते गुळमुळीत वाटलं. जवानाच्या वडिलांना तसं वाटलं नसावं. त्यांच्या मुलावर आत्महत्येचा शिक्का कोणाच्या तरी अंदाजाने बसला नाही.

"दुसरं काय असणार" हे त्या साक्षीदाराचं वाक्य आहे ना, तेच स्वगताचं मूळ. आपल्याला परक्या मनातली रिकामी जागा सहन होत नाही. नाटककार ती उघडपणे भरतो, पात्राला पुढे आणून बोलायला लावतो, आणि आपल्याला कळतं की हे नाटक आहे. इतिहासकार तीच जागा एका क्रियाविशेषणाने भरतो, आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून मला खाडिलकर ग्रँट डफपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात. त्यांनी पुस्तकावर नाटक असं लिहिलं होतं. मला माहीत आहे, इतिहासाच्या प्राध्यापकांना हे आवडणार नाही.

तर बेळगावच्या मित्राला माझं उत्तर. पेशवा २५ तारखेला पडला आणि २७ला वारला, हे पक्कं. नानांशी तणाव होता, बाजीरावाशी पत्रव्यवहाराचं प्रकरण झालं, याला आधार आहे. त्या सकाळी त्याच्या मनात काय होतं, ते नाटकातल्या पेशव्याच्या बाबतीत तुम्हाला आणि मला पूर्ण माहीत आहे, आणि शनिवारवाड्यातल्या पेशव्याच्या बाबतीत तिथे उभ्या असलेल्यांनाही माहीत नव्हतं. नानांना त्यावरून दोषी धरायचं तर निदान रॉडरिगोच्या खिशातल्यासारखं एखादं पत्र तरी हवं. कोणाच्या घरातल्या रुमालात त्या ऑक्टोबरचे कागद असतील तर मला नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवा. पुढच्या भागात यशोदाबाईंकडे जाऊ. त्या घरात एकवीस वर्षांचा नवरा गमावलेली एक मुलगी होती, आणि तिला काय वाटलं हे कुठल्याच हकीकतीने विचारलेलं दिसत नाही.